पंखाच्या टोकावरचा ९ फुटी उभा तुकडा आणि ६.५ टक्के इंधन: केसी-१३५ ची केस

विंगलेट, म्हणजे विमानाच्या पंखाच्या टोकाला लावलेला छोटा उभा तुकडा, काय करतो असं कुणाला विचारलं की नव्वद टक्के वेळा एकच उत्तर येतं, की पंखाच्या टोकाला हवा खालून वर जाते, त्याचा भोवरा होतो, विंगलेट ती हवा भिंतीसारखी अडवते, भोवरा बंद, ड्रॅग म्हणजे विमानाला मागे ओढणारा हवेचा रोध कमी. ऐकायला छान वाटतं पण यातला "अडवते" हा शब्दच चुकीचा आहे आणि "भोवरा बंद" हे तर अजिबातच होत नाही. नुसती भिंत उभी करून काम झालं असतं तर हा प्रश्न १८९७ मध्येच सुटला असता, कारण फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश माणसाने पंखाच्या टोकांना उभ्या प्लेट लावायचं पेटंट तेव्हाच घेतलं होतं, राइट बंधू उडायच्याही आधी. पण त्यानंतर जवळपास ८० वर्षं कुठल्याही मोठ्या विमानाला त्याचा धड उपयोग करता आला नाही. का, ते समजून घ्यायला मला सगळ्यात आवडती केस म्हणजे नासा आणि अमेरिकन हवाई दलाने १९७९-८० मध्ये केसी-१३५ या टँकर विमानावर केलेली टेस्ट. ती नीट उलगडून बघू.

आधी विमान. केसी-१३५ म्हणजे चार इंजिनांचं, हवेत दुसऱ्या विमानांना इंधन भरणारं जेट. स्पॅन, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी, ३९.९ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ साधारण २२६ चौरस मीटर. आता एक उदाहरण धरून चालू: वजन १०० टन, उंची ११ किलोमीटर, वेग मॅक ०.७८ म्हणजे आवाजाच्या वेगाचा ०.७८ भाग, तिथे सेकंदाला २३० मीटर. हे आकडे मी हिशोबासाठी निवडलेत, टेस्टच्या एखाद्या ठराविक फ्लाइटचे नाहीत, पण असं विमान साधारण असंच उडतं.

भोवरा नक्की कुठून येतो

पंखाच्या वर दाब कमी, खाली जास्त, म्हणून लिफ्ट, म्हणजे विमान उचलणारं बळ. पण पंख कुठेतरी संपतो ना, आणि टोकाला हा फरक शून्यावर यावाच लागतो कारण तिथे मधे काही उरतच नाही. त्यामुळे खालच्या बाजूची हवा मागे जाता जाता थोडी टोकाकडे, बाहेर सरकते आणि वरच्या बाजूची हवा थोडी आत, बॉडीकडे सरकते. आणि हे फक्त टोकाला नाही, पंखभर होतं, मधे कमी आणि टोकाकडे जास्त. पंखाच्या मागच्या कडेला हे दोन थर भेटतात तेव्हा एक बाहेर चाललेला असतो आणि एक आत, आणि दोन थर असे एकमेकांना घासून विरुद्ध दिशेला गेले की मधे हवा गरगरायला लागते, दोन तळव्यांमधे पेन्सिल धरून तळवे विरुद्ध दिशेला हलवले की ती जशी फिरते तशी. म्हणजे पंखाच्या अख्ख्या मागच्या कडेवरून फिरत्या हवेची एक चादर निघते. जिथे लिफ्ट झपाट्याने उतरते, म्हणजे टोकाजवळ, तिथे ही चादर सगळ्यात जोरकस, म्हणून ती टोकाकडून गुंडाळायला लागते आणि विमानाच्या मागे थोडं अंतर गेल्यावर सगळीच दोन मोठ्या भोवऱ्यांत गुंडाळली जाते. दमट हवेत लँडिंगच्या वेळी फ्लॅपच्या कडेवरून पांढऱ्या रेघा निघताना दिसतात त्याही याच कारणाने, कारण फ्लॅप संपतो तिथेही लिफ्ट एकदम पडते. पंखाचं टोक तिथे नसताना भोवरा निघतो, एवढं एक निरीक्षण "टोकावरून हवा सांडते" ही समजूत खोडायला पुरेसं आहे.

आता ही चादर काय करते तर दोन पंखांच्या मधल्या सगळ्या हवेला खाली ढकलते, याला डाउनवॉश म्हणतात. आपल्या उदाहरणात, लिफ्ट पंखावर आदर्श पद्धतीने वाटलेली धरली तर पंखापाशी हा डाउनवॉश सेकंदाला साधारण ४.७ मीटर निघतो. समोरून २३० मीटर वेगाने येणाऱ्या हवेत ४.७ म्हणजे काहीच नाही, हवा फक्त १.१७ अंशांनी खाली कलते. पण लिफ्ट नेहमी पंखापाशी येणाऱ्या हवेला काटकोनात असते, हवाच १.१७ अंश कलली म्हणजे लिफ्टही तेवढीच मागे कलते, आणि लिफ्ट आहे १०० टनांची! १०० टनांचा ०.०२०३ भाग म्हणजे दोन टनांपेक्षा थोडं जास्त, न्यूटनमध्ये सुमारे २०,०००. हाच इंड्यूस्ड ड्रॅग. यात कातडीवरचं घर्षण नाही, आकाराचा अडथळा नाही, निव्वळ लिफ्ट मागे कलल्याची किंमत आहे.

सूत्र हवं असेल तर हे:

```
Di = L² / (q · π · b² · e)
```

`L` लिफ्ट, `q` वेगाचा दाब (आपल्या केसमध्ये सुमारे ९,६५० पास्कल), `b` स्पॅन, आणि `e` म्हणजे लिफ्टची वाटणी आदर्शाच्या किती जवळ आहे तो आकडा. खऱ्या पंखाला ०.९ धरला तर Di येतो २२,२०० न्यूटन. विमानाचा लिफ्ट-ड्रॅग रेशो १७ धरला तर एकूण ड्रॅग ५७,७०० च्या आसपास, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग एकट्यानेच ३८ टक्के खातोय. आणि ही शक्ती जाते कुठे, तर २२,२०० गुणिले २३० म्हणजे ५ मेगावॉटच्या वर, मागे सोडलेली हवा गरगरत ठेवण्यात. इंधन जाळून विमान आपल्यामागे एक फिरणारा पट्टा सोडत जातं आणि त्यातली ऊर्जा परत काही येत नाही.

मग स्पॅनच का नाही वाढवायचा

सूत्रात `b` चा वर्ग खाली आहे, त्यामुळे पहिला विचार तोच येतो. दोन्ही बाजूला ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर, सरळ आडवे वाढवले तर स्पॅन होतो ४५.४ मीटर आणि बाकी सगळं तसंच ठेवून कागदावर इंड्यूस्ड ड्रॅग २३ टक्क्यांनी उतरतो. पण त्या नवीन टोकावर समजा १०,००० न्यूटन लिफ्ट आली तर ती बॉडीपासून २१ मीटरवर आहे, मुळाशी वाकवणारा मोमेंट २,१०,००० न्यूटन-मीटरनी वाढला. पंख ते पेलायला मुळापासून जाड करावा लागतो, वजन वाढतं, वजनामुळे लिफ्ट वाढते आणि लिफ्टचा पण वर्ग आहे सूत्रात, वर. नवीन विमान डिझाइन करताना हे परवडू शकतं, पण आधीच बनलेल्या पंखावर हा खेळ लवकर हरतो.

नासाच्या लँग्ली सेंटरमधले रिचर्ड व्हिटकॉम्ब इथे येतात. त्यांनी तुलना करताना अट बरोबर लावली: विंगलेट लावल्यावर पंखाच्या मुळाशी जेवढा मोमेंट वाढतो तेवढाच वाढेल एवढंच आडवं एक्स्टेंशन घ्यायचं आणि मग दोघांमधे कोण जिंकतं ते विंड टनेलमध्ये बघायचं. मला ही अट अख्ख्या कामातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण अट लावली नाही तर आडवा पंख ड्रॅगच्या आकड्यात बहुतेक वेळा जिंकतोच आणि स्ट्रक्चरवाल्यांचं बिल नंतर येतं. १९७६ मध्ये छापलेला निकाल असा की मॅक ०.७८ ला विंगलेटने इंड्यूस्ड ड्रॅग सुमारे २० टक्के कमी केला, लिफ्ट-ड्रॅग रेशो सुमारे ९ टक्के वाढला, आणि ही वाढ तेवढ्याच मोमेंटच्या आडव्या एक्स्टेंशनच्या दुपटीपेक्षा जास्त होती.

उभा तुकडा नक्की काय करतो

व्हिटकॉम्ब यांचा मुद्दा हा की तो तुकडा भिंत नाही, तो एक पूर्ण पंख आहे, त्याला एअरफॉइलचा आकार हवा, स्वतःचा अँगल हवा आणि त्याने स्वतः लिफ्ट द्यायला हवी. टोकाच्या वरच्या बाजूला हवा आत सरकतेय हे वर आलंच. म्हणजे विंगलेटच्या दृष्टीने हवा सरळ समोरून येत नाही, थोडी बाहेरच्या बाजूने तिरकी येते. या तिरक्या हवेत विंगलेटची लिफ्ट आत, बॉडीच्या दिशेला लागते, पण काटकोन तिरक्या हवेशी आहे ना, त्यामुळे ती लिफ्ट थोडी पुढे कलते. मुख्य पंखाची लिफ्ट डाउनवॉशमुळे मागे कलली होती, इथे त्याच भोवऱ्याच्या हवेमुळे विंगलेटची पुढे कलते. शिडाची होडी तिरक्या वाऱ्यावर पुढे जाते ते हेच.

आकडे लावून बघू. एका विंगलेटचं क्षेत्रफळ ३.५ चौरस मीटर आणि त्यावर माफक लिफ्ट धरली तर आतल्या दिशेला साधारण १०,००० न्यूटन. हवा ६ अंश तिरकी असेल तर त्यातला पुढचा भाग १,०५० न्यूटन, दोन विंगलेटचे २,१००. पण हा फायद्याचा अर्धा भाग झाला, दुसरा भाग मुख्य पंखावर होतो. विंगलेटच्या आतल्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे पंखाच्या टोकाजवळ वरच्या बाजूचा दाब पण कमी राहतो आणि लिफ्ट टोकापर्यंत टिकते, एकदम कोसळत नाही. उरलेली लिफ्ट मग विंगलेटच्या उंचीवर हळूहळू उतरते. म्हणजे फिरत्या हवेची चादर आता फक्त पंखाच्या कडेवरून न निघता ९ फूट वरपर्यंत पसरून निघते. गरगरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे तेवढंच फिरणं जास्त जागेत पातळ पसरलं की ऊर्जा कमी लागते. डाउनवॉश कमी, लिफ्टचं मागे कलणं कमी. हे दोन परिणाम वेगळे करून मोजता येत नाहीत खरं तर, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, पण समजायला असं बघितलं की सोपं जातं.

आणि मोमेंटचं काय? विंगलेटवरचे १०,००० न्यूटन उंचीच्या मधे, टोकापासून सव्वा मीटरवर लागतात, म्हणजे मोमेंट १२,००० च्या आसपास, आडव्या तुकड्याच्या २,१०,००० समोर. हे पूर्ण चित्र नाही हे मान्य, कारण टोकाची लिफ्ट टिकल्यामुळे मुख्य पंखाचा मोमेंटही वाढतो आणि तो भाग मोठा असतो, पण फायदा कुठून येतो ते यातून दिसतं.

आता लँचेस्टरच्या प्लेटला का जमलं नाही ते पण कळतं. सपाट, सरळ उभी प्लेट खूप जास्त लिफ्टवर थोडा फायदा देते, पण क्रूझमध्ये, म्हणजे वर पोचल्यावरच्या लांब सरळ उड्डाणात, तिच्या स्वतःच्या घर्षणात आणि कोपऱ्यात हवा पृष्ठभागापासून सुटण्यात तो सगळा जातो.

केसी-१३५ वर काय लावलं

विंगलेट ९ फूट उंच, पंखाच्या टोकाच्या मागच्या भागावर बसवलेलं, पुढच्या कडेला नाही. याचं कारण फार सुंदर आहे. मॅक ०.७८ ला पंखाच्या वर पुढच्या भागात हवा आधीच आवाजाच्या वेगाजवळ पळत असते, तिथेच विंगलेटच्या आतल्या बाजूची वेगवान हवा येऊन मिळाली तर दोन्ही मिळून जोरदार शॉक, म्हणजे दाब एकदम वाढवणारी लाट, तयार होतो आणि कोपऱ्यात हवा सुटते. विंगलेट मागे सरकवलं की पंखाचा वेग उतरायला लागतो तिथे विंगलेटचा चढतो. व्हिटकॉम्ब यांच्या मूळ डिझाइनमध्ये खाली पुढच्या बाजूला एक छोटं विंगलेट पण होतं, केसी-१३५ वर फक्त वरचं उडवलं.

कॅन्ट, म्हणजे बाहेर झुकण्याचा कोन, आणि इन्सिडन्स, म्हणजे पुढची कड आत की बाहेर वळवली तो कोन, हे दोन्ही जमिनीवर बदलता येत होते. मूळ सेटिंग १५ अंश कॅन्ट आणि उणे ४ अंश इन्सिडन्स. उणे म्हणजे पुढची कड बाहेर वळलेली. बघताना वाटतं की हे उलट आहे, लिफ्ट आत हवी तर कड आत वळवायला हवी ना, पण तिरकी येणारी हवा एवढा कोन आधीच देत असते की कड आत वळवली तर विंगलेटवर गरजेपेक्षा जास्त भार येतो, वळणाच्या वेळी ते स्टॉल होऊ शकतं, म्हणजे त्याची लिफ्ट कोसळू शकते, आणि पंखावरचा लोड पण वाढतो. थोडक्यात सांगायचं तर कोन कमी ठेवला की थोडा फायदा सुटतो पण स्ट्रक्चर वाचतं.

टेस्ट कॅलिफोर्नियात नासाच्या ड्रायडन सेंटरला झाली. निकाल, तेवढ्याच इंधनात कापलेल्या मैलांमध्ये ६.५ टक्के वाढ.

आपला कच्चा हिशोब याच्याशी जुळतो का बघा. २२,२०० चे २० टक्के म्हणजे ४,४०० न्यूटन वाचले. विंगलेटची हवा लागणारी कातडी, दोन्ही बाजू आणि दोन्ही पंख धरून, १४ चौरस मीटर, त्यावरचं घर्षण साधारण ५०० न्यूटन. निव्वळ ३,९००, भागिले ५७,७००, म्हणजे ६.८ टक्के. मी लिफ्ट-ड्रॅग रेशो आणि `e` अंदाजाने धरलेत त्यामुळे शेवटचा दशांश योगायोग समजा, पण मोठेपणा बरोबर आहे आणि २० टक्क्यांचे ६.५ का होतात ते कळतं: २० टक्के हे ३८ टक्क्यांचे होते, अख्ख्याचे नाही. विंगलेटने ड्रॅग २० टक्के कमी होतो असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे हाच घोळ असतो.

आता तेच विमान टाकी रिकामी करून ७५ टनांवर त्याच वेगाने आणलं तर? इंड्यूस्ड ड्रॅग वजनाच्या वर्गाने पडतो, २२,२०० चा १२,५०० होतो, बचत २,५००, पण घर्षणाचे ५०० तसेच, म्हणजे निव्वळ २,०००, एकूण ४८,००० पैकी ४.२ टक्के. म्हणून ज्या विमानाच्या फ्लाइट लांब आणि जड असतात त्याला विंगलेट जास्त फळतं. टेकऑफनंतरच्या चढाईत उलट चित्र, त्याच १०० टनांवर वेग सेकंदाला ९० मीटर असेल तर इंड्यूस्ड ड्रॅग ४३,००० च्या वर जातो आणि तिथे एक इंजिन बंद पडल्यावरची चढाई सुधारते.

बिघडतं कुठे

पहिलं म्हणजे कोपरा, जिथे पंख आणि विंगलेट भेटतात. तिथे दाब मोजायच्या छिद्रांच्या रांगा ठेवल्या की मागच्या कडेपर्यंत दाब परत नेहमीसारखा वर येतो का ते दिसतं. आला नाही, सपाट राहिला, तर हवा सुटली आहे आणि हिशोबातली बचत तिथे गळतेय. फक्त इंधनाच्या मीटरवर विश्वास ठेवला तर हे कळत नाही, कारण ६ टक्के फरक मोजताना वारा, तापमान, इंजिनाची अवस्था यातला गोंधळ एक-दोन टक्के सहज खातो.

दुसरं फ्लटर. टोकाला वजन आणि बाजूचा फोर्स वाढला की पंखाच्या वाकण्याचं आणि पिळण्याचं गणित बदलतं, आणि वेग वाढत जाताना कंपन मरायला वेळ लागायला लागला तर ती धोक्याची खूण. म्हणून वेग पायऱ्या-पायऱ्यांनी वाढवतात, प्रत्येक पायरीवर पंखाला झटका देऊन कंपन किती लवकर विझतं ते बघतात. आणि इथे कॅन्ट, इन्सिडन्स आणि टाकीतलं इंधन, तिन्ही बदलले की उत्तर बदलतं, त्यामुळे एका सेटिंगला सेफ म्हणजे दुसऱ्याला सेफ असं गृहीत धरता येत नाही.

तिसरं, मागून येणाऱ्या विमानाबद्दलचा गैरसमज. विंगलेट आहे म्हणजे मागचा भोवरा गेला, जवळून उडता येईल, असं नाही. भोवऱ्याचा एकूण जोर ठरतो वजन, वेग, हवेची घनता आणि स्पॅनवर. आपल्या केसमध्ये तो सेकंदाला सुमारे ३७३ चौरस मीटर निघतो, दोन भोवरे ३१ मीटर अंतरावर, आणि जोडी सेकंदाला १.९ मीटरने खाली उतरत जाते. विंगलेटने भोवरे थोडे लांब सरकतात आणि सुरुवातीला जरा पसरट असतात, बस. १०० टन उचलायचे तर हवेला तेवढा धक्का द्यावाच लागणार.

आणि इतकं करून हवाई दलाने केसी-१३५ च्या ताफ्याला विंगलेट लावली नाहीत. पैसा नवीन इंजिनांवर गेला, सीएफएम-५६, त्यातून केसी-१३५आर बनलं. जुन्या इंजिनांच्या तुलनेत तिथे मिळणारी इंधनबचत ६.५ टक्क्यांपेक्षा खूप मोठी होती, वर जोर जास्त आणि आवाज कमी. विंगलेटचा आकडा चांगला होता, फक्त त्याच विमानावर त्याहून मोठा आकडा शेजारी उभा होता. त्याच टेस्टमधली समज पुढे प्रवासी विमानांकडे गेली, ७४७-४०० च्या पंखाच्या टोकावर ६ फुटांचं बाहेर झुकलेलं विंगलेट दिसतं ना, तिथे पंखाचं टोकही थोडं आडवं वाढवलेलं आहे, म्हणजे आडवं आणि उभं दोन्ही थोडं थोडं, कारण मोमेंटचं बजेट जिथे संपतं तिथून उभं सुरू होतं.